परदेशातून साक्ष : मुखत्यारपत्र पुरत नाही आणि कोर्टाची वेळही जुळत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशी राहणाऱ्यांना गावच्या दाव्यात आता ‘घरबसल्या’ साक्ष देता येते, असं आपल्याकडे हल्ली सर्रास छापून येतं. जळगाव, धुळे, नंदुरबारमधल्या कितीतरी घरांतली मुलं-मुली अमेरिकेत आणि आखातात आहेत आणि वाटणीचे दावे मात्र इथल्या तालुका कोर्टांत पडून आहेत. त्यांची या ‘घरबसल्या’ शब्दाने दिशाभूल होते, म्हणून हे पत्र.

पहिला घोळ मुखत्यारपत्राचा. मुलगी ह्युस्टनला असते, दावा इथे चालू असतो. ती चुलतभावाला मुखत्यारपत्र देते आणि निर्धास्त होते. तारखा घेणं, फी भरणं, नकला काढणं ही कामं चुलतभाऊ करू शकतो. पण साक्षीच्या पिंजऱ्यात तो तिच्या जागी उभा राहू शकत नाही. जानकी वाशदेव भोजवानी विरुद्ध इंडसइंड बँक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की, जी गोष्ट फक्त मूळ पक्षकाराला माहीत आहे तिच्याबद्दल मुखत्याराने दिलेली साक्ष चालत नाही. त्याने स्वतः जे केलं तेवढंच तो सांगू शकतो. आणि पक्षकार पिंजऱ्यात आलाच नाही, तर त्याचं म्हणणं खोटं असावं असा निष्कर्ष न्यायालय काढू शकतं. विद्याधर विरुद्ध माणिकराव या १९९९ च्या निकालाचा हा दाखला विरुद्ध बाजूच्या वकिलाच्या खिशातच असतो.

माझ्या वकिलीतलं एक प्रकरण ओळख न देता सांगतो. वडिलोपार्जित केळीची बागायत जमीन, दोन भाऊ, ह्युस्टनला असलेली एक बहीण. भावांकडे बहिणीचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र. बहिणीचं म्हणणं असं की, दुय्यम निबंधकासमोरचा फोटो माझा, अंगठाही माझा, पण सोसायटीच्या कर्जाचे कागद आहेत असं दादाने सांगितलं आणि कागद मला कुणी वाचून दाखवला नाही. आता त्या दिवशी दादाने तिच्या कानात काय सांगितलं, हे चुलतभाऊ कुठून सांगणार? तो तर त्या दिवशी सुरतेला होता. साक्ष तिचीच हवी होती.

व्हिडिओवरून साक्ष घेता येते याबद्दल आता वाद उरलेला नाही. महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या खटल्यात अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष अशी घ्यायला सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच मान्यता दिली. अडतं ते तपशिलात. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने २०२० मध्ये केलेल्या नमुना नियमांप्रमाणे साक्षीदार परदेशात असेल तर त्याच्या बाजूला समन्वयक म्हणून भारतीय दूतावासाचा किंवा वाणिज्य दूतावासाचा अधिकारी असायला हवा. साक्षीदाराची ओळख पटवणं, खोलीत पढवणारं कुणी नाही हे पाहणं, कागद दाखवणं, शेवटी जबाबावर सही घेणं ही सगळी त्याची कामं. म्हणजे घरच्या सोफ्यावरून फोन लावून भागत नाही.

आता घड्याळ बघा. आपलं कोर्ट सकाळी अकराला बसतं, तेव्हा ह्युस्टनला हिवाळ्यात आदल्या रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. तिथलं कार्यालय सकाळी नऊला उघडतं असं धरलं, तर इथे रात्रीचे साडेआठ होतात, उन्हाळ्यात साडेसात. कोर्ट आणि दूतावास एकाच वेळी उघडे असतील असा एक तासही दिवसभरात सापडत नाही. मस्कतला हा प्रश्न येत नाही, तिथलं घड्याळ दीडच तास मागे. लंडनचंही दुपारनंतर जमतं. अमेरिकेचं मात्र जमतच नाही, आणि नेमकं हेच अर्जात कुणी लिहीत नाही. अर्ज मंजूर होतो, तारीख पडते, दूतावास नाही म्हणतो, पुन्हा तारीख.

या प्रकरणात तोड निघाली ती दिवाणी प्रक्रिया संहितेतूनच. आदेश १८ नियम ४ प्रमाणे सरतपास, म्हणजे साक्षीदाराची स्वतःच्या बाजूची साक्ष, प्रतिज्ञापत्रावर होतो आणि उलटतपास न्यायालयाने नेमलेला आयुक्त, म्हणजे कोर्ट कमिशनर घेऊ शकतो. आयुक्ताला कोर्टाच्या वेळेचं बंधन नसतं. बहिणीने मराठीतलं प्रतिज्ञापत्र वाणिज्य दूतावासातच शपथेवर केलं. १९४८ च्या कायद्याने तिथल्या अधिकाऱ्याला तो अधिकार आहे, त्यामुळे परदेशी नोटरीच्या शिक्क्यावरून होणारी हुज्जत टळली. तालुक्यातल्या एका ज्येष्ठ वकिलांना आयुक्त नेमलं गेलं आणि उलटतपास इथल्या रात्री आठला, तिथल्या सकाळी साडेनऊला, सुरू झाला. दोन्ही बाजूंचे वकील आयुक्तांच्या कार्यालयात हजर होते. दिवाणी दाव्यात हा खर्च साधारणपणे अर्ज करणाऱ्यावर पडतो, तसा तो तिच्यावर पडला.

तरी पहिल्या दिवशी गोंधळ झालाच. आवाज दोन सेकंद उशिरा पोचत होता. वकिलाने प्रश्न विचारला, उत्तर येईपर्यंत दुसरा विचारला आणि पहिल्याचं ‘हो’ दुसऱ्यापुढे टाइप झालं. दुसरा प्रश्न होता, ‘मजकूर समजून सही केली ना?’ एवढ्या एका शब्दावर दावा बुडाला असता. त्यानंतर आयुक्तांनी प्रत्येक प्रश्नोत्तर मोठ्याने वाचून दाखवायला सुरुवात केली, आणि तिने ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय पुढे जाणं बंद केलं. वेळ दुप्पट लागला, पण दुसरा मार्ग नव्हता. ती चिडली की अहिराणीत बोलायची. ‘माले कोनी वाचीसन दखाडं नही’ हे आयुक्तांनी जसंच्या तसं लिहून घेतलं, ते योग्यच केलं.

कागदांचंही तसंच. विरुद्ध वकिलाने हक्कसोडपत्राचं फक्त शेवटचं पान पडद्यावर दाखवलं. पूर्ण दस्त समोर नसताना साक्षीदाराने पानावरची सही कबूल का करावी? यावरचा उपाय नियमांतच आहे : दाखवायचे कागद समन्वयकाकडे बंद लिफाफ्यात आधी पोचवायचे आणि प्रश्न आला की तिथेच फोडायचे. आम्ही त्यात भर एवढीच घातली की दोन्हीकडच्या संचांवर पानांचे क्रमांक सारखे टाकले.

या पद्धतीची एक मर्यादा सांगायला हवी. आयुक्त हरकतीवर निर्णय देऊ शकत नाही, ती नुसती नोंदवतो आणि न्यायालय ती युक्तिवादाच्या वेळी ठरवतं. त्यामुळे वकिलाने निरर्थक प्रश्नांचा रतीब घातला तर त्याला तिथल्या तिथे रोखणारं कुणी नसतं. साक्षीदार अडखळला, घाबरला, तर तशी नोंद आयुक्त करू शकतो. पण समोर बसलेल्या न्यायाधीशाला जे दिसतं ते त्या नोंदीत पूर्ण उतरतं, असं मला वाटत नाही. पक्षकार सुटीत येणारच असेल, तर त्याची साक्ष कोर्टातच होऊ द्यावी असंच मी सांगतो.

आपल्या दैनिकामार्फत तिन्ही जिल्ह्यांच्या वकील संघांना विनंती आहे. रात्री उलटतपास घ्यायला तयार असलेल्या आयुक्तांची यादी करून जिल्हा न्यायालयाकडे द्यावी. आणि परदेशातल्या साक्षीदारासाठी अर्ज करताना भारतातली आणि तिथली अशा दोन्ही वेळा, तसंच दूतावासाने वेळ दिल्याचा ई-मेल, अर्जासोबतच जोडावा. तारीख मिळाल्यावर दूतावासाला विचारायला जाऊ नये.

आपला,
एक वकील वाचक
जळगाव जिल्हा