चिवडा मऊ का पडला

चि. पिंटू, अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर म्हणालास की आई चिवडा आठ दिवसांतच मऊ पडला, तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. चूक माझीच रे. तुझी रात्रीची गाडी होती, अप्पा दारात उभे राहून घाई करत होते, आणि मी चिवडा कोमट असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत भरून गाठ मारली. गरम चिवड्यातून वाफ निघत राहते, तिला बाहेर जायला वाट नसली की ती पिशवीला आतून धरते आणि पुन्हा पोह्यातच मुरते. तीस वर्षं चिवडा करतेय आणि नेमका तुझ्या वेळेस असं झालं.

तू म्हणालास मीच करून बघतो, रेसिपी पाठव. पाठवते. पण आधी एक विचारते, रागावू नको. ताई म्हणाली की तू रात्री जेवत नाहीस, वाटीभर चिवडा नि चहावर झोपतोस. खरं आहे का? बरं, ते नंतर.

अर्धा किलो पातळ पोहे घे, कागदी म्हणतात ते, जाड नकोत. घरी आणले की पहिले चाळून घे, खालचा भुसा काढलाच पाहिजे, तो कढईच्या तळाला बसून जळतो आणि सगळ्या चिवड्याला कडू वास लागतो. इथे मी मे महिन्यात पोहे गच्चीवर धोतरावर पसरते, आपल्या अमळनेरच्या उन्हात दोन तासात असे होतात की हातात घेतले की खळखळ वाजतात. आठवतं, मोठी माय तुला कावळे हाकायला बसवायची आणि तू कावळ्यांपेक्षा जास्त खायचास, मग ती हसत हसत दुसरे पोहे आणून पसरायची. डोंबिवलीत या दिवसात ऊन कुठलं, तर तू कढईत भाज. एकदम सगळे टाकू नको, तीन वेळा कर. गॅस अगदी बारीक, हात हलका, पाच-सात मिनिटं. आच मोठी झाली की पोहा आकसून वेडावाकडा होतो आणि आतून कच्चाच राहतो. एक पोहा दोन बोटांत दाबून बघ, कट्ट करून तुटला तर झाला, वाकला तर अजून दोन मिनिटं.

आता खरं म्हणजे सगळा घोळ कढीपत्त्यात होतो. लोक पोह्यांना दोष देतात पण ओलावा येतो तो पानातून आणि हिरव्या मिरचीतून. कढीपत्ता दोन मुठी घे, आदल्या संध्याकाळी धुवून फडक्यावर पसरून ठेव, आणि तुमच्याकडे हवा दमट आहे म्हणून सकाळी परत एकदा पुसून घे. देठ नको, नुसती पानं.

कढईत पाऊण वाटी शेंगदाणा तेल घाल. पहिले शेंगदाणे, दीड वाटी, तेल मध्यम तापल्यावर, आणि आच बारीकच ठेव. साल तडकून रंग जरासा बदलला की लगेच झाऱ्याने काढ, कारण बाहेर काढल्यावरही ते आतल्या गरमीने शिजत राहतात, पूर्ण लाल होईपर्यंत थांबलास तर ताटात जळके होतील. मग खोबऱ्याचे काप, ते पटकन लाल होतात, लक्ष ठेव. मग वाटीभर डाळं, एक मिनिटच. हे सगळं बाजूला काढून त्याच तेलात मोहरी, जिरं, आठ-दहा मिरच्यांचे तुकडे. मिरची पांढरट आणि कडक होईपर्यंत तळ, मऊ मिरची म्हणजे चिवड्यात पाणी घातल्यासारखंच. मग कढीपत्ता टाक, चरचर आवाज करेल, तेल उडेल, जरा लांब उभा राहा. तो आवाज थांबेपर्यंत गॅस बंद करायचा नाही. आवाज थांबला म्हणजे पानातलं पाणी संपलं. एक पान काढून गार होऊ दे, मग बोटाने चुरून बघ, पानाचा चुरा झाला पाहिजे. मला माझ्या आईने हे एवढंच शिकवलं होतं, बाकी सगळं मी बघून शिकले.

गॅस बंद करून हिंग, हळद, मीठ, मग पोहे आणि तळलेलं सगळं घालून दोन चमच्यांनी खालून वर कर. परत अगदी बारीक गॅसवर पाच मिनिटं परत. पिठीसाखर घालायची तर पूर्ण गार झाल्यावर, दोन-तीन चमचे. गरम चिवड्यात साखर वितळते आणि पोहे एकमेकांना चिकटतात. तुझ्याकडे साखर कमीच घाल, दमट हवेत साखर नि मीठ दोन्ही पाणी ओढतात.

आणि हे नीट वाच. इथे मी चिवडा रात्रभर परातीत उघडा ठेवते, आपल्याकडे हवा कोरडी, काही होत नाही. तिथे तसं करायचं नाही, रात्रभरात हवेतलंच पाणी पिऊन बसेल. परातीत पातळ पसर, तास-दीड तास, तळाला हात लावून बघ, गार लागला की लगेच डब्यात भर. स्टीलचे घट्ट झाकणाचे दोन डबे कर, एक रोजचा छोटा आणि एक मोठा जो आठवड्यातून एकदाच उघडायचा. ओला हात घालायचा नाही, तुझा तो मित्र भांडी धुता धुता हात घालतो ना, त्याला सांग.

तरीही मऊ पडला तर टाकू नको, कढईत बारीक आचेवर चार-पाच मिनिटं फिरव, परत कुरकुरीत होतो. साखर घातली असेल तर जास्त सांभाळून, ती लवकर करपते. पण आधी वास घे, शेंगदाण्याला खवट वास येत असेल तर मात्र काही इलाज नाही, फेकून दे. मऊपणा जातो, खवटपणा जात नाही.

बघ, मी चिवडाच सांगतेय आणि मन त्याच गोष्टीवर आहे. चिवडा म्हणजे जेवण नाही रे. दोन पोळ्या नि वाटीभर वरण, एवढं तरी. ऑफिसहून दहाला येतोस मला कळतं, थकतोस कळतं, पण खिचडी एका कुकरमध्ये वीस मिनिटांत होते. लहानपणी तू तापात सुद्धा जेवण मागायचास. हे परत लेक्चर झालं, माफ कर. तू तिकडे एकटा सगळं निभावतोस, अप्पा चौकात कुणी भेटलं की तुझाच विषय काढतात, तुला सांगत नाहीत एवढंच. मलाही अभिमानच आहे. पण रात्री दहा वाजले की मला वाटतं, आज जेवला असेल का.

शेंगदाणे इकडचेच पाठवतेय, शेजारच्या वहिनींचा मुलगा रविवारी येतोय त्याच्याबरोबर, दोन किलो, मी निवडून ठेवलेत. सोबत तुझा तो जुना स्टीलचा डबा पण आहे, ज्याचं झाकण तुला लहानपणी उघडता यायचं नाही.

चिवडा झाला की फोन कर. आणि रात्री कर, जेवण झाल्यावर.

तुझी
आई