शेताच्या नावाबद्दल

ती. बाबा आणि आई,
शि. सा. न.

सिमरोलच्या शेतावरच्या पाटीचा रंग वाळतोय, पण तिच्यावर अजून नाव नाही. तुम्ही दोघांनी सुचवलेल्या नावांवर मी आठवडाभर डोकं खाजवलं.

बाबा, 'फ्रेश फ्रूट फार्म' ऐकायला छान आहे, पण ते आपलं होणार नाही. मालाचा नुसता गुण सांगणाऱ्या शब्दांवर १९९९च्या ट्रेडमार्क कायद्यात सहसा हक्क मिळत नाही. उद्या शेजारच्याने तीच पाटी लावली तर आपण बघत बसायचं. शिवाय पाहुणा स्वतः झाडावरून फळ तोडणार आहे, त्याला 'ताजं' म्हणून सांगायची गरज काय?

आई, तुझी 'बारमाही बाग' मात्र आपल्याला खोटं पाडेल. आपले पेरू (इथे सगळे जामच म्हणतात) खरे गोड होतात ते थंडीत. पावसाळ्यातले पाणचट, आणि त्यांत फळमाशीच्या अळ्या. गेल्या श्रावणात पाहुण्यांच्या लेकीने एक पेरू चावला, आत वळवळणारी अळी दिसली, आणि तिने उरलेला दिवस झाडाकडे पाठच केली. म्हणून यंदा उन्हाळ्यातला फुलोरा मी खुडून टाकला. झाडाची ताकद हिवाळ्याच्या फळाला जाते आणि आपली तोडणी नोव्हेंबर ते जानेवारीतच होते. मे महिन्यात 'बारमाही' वाचून कुणी इथवर आलं, तर मी त्याला काय दाखवू?

माझं लाडकं नाव होतं 'झेला', आंबे उतरवायच्या जाळीच्या काठीवरून. पेरूला ती लागत नाही, झाडं छाटून मुलांच्या हाताशी ठेवली आहेत, पण शब्दाचा मोह सुटेना. मग चार ओळखीच्या हिंदी भाषकांना फोनवर सांगून पाहिलं. तिघांनी विचारलं, "क्या झेला, भाई?" संपलं. 'जामवाडी'चंही तेच: एकाने विचारलं, दारू मिळते का.

मग आठवलं, मुलं गेटवर टोपली घेतात आणि जाताना ती कोण आधी भरतं यावर आई-बाबांशी भांडतात. म्हणून 'टोपलीभर'. आपल्याला तो एक शब्द, हिंदीवाल्याला दोन: टोपली, भर. फोनवर एकदाच सांगावं लागतं, फळाचं नाव नसल्याने पुढे सीताफळं लावली तरी चालेल, आणि ऋतूबद्दल ते काहीच कबूल करत नाही. नोंदणीत कुणी आधी घेतलंय का ते वर्ग ४३मध्ये, म्हणजे राहण्या-जेवणाच्या सेवांत, शोधलं. हुबेहूब काही सापडलं नाही. अर्ज अजून करायचाय.

एकच अडचण: इंग्रजीत Topli Bhar लिहिताना 'एच' सुटला, तर पुन्हा दारूचं दुकान! म्हणून पाटीवर देवनागरी मोठी हवी. बाबा, रामबागेच्या घरी कोऱ्या कागदावर तुमच्या अक्षरात ते नाव लिहून ठेवा, रविवारी घ्यायला येते. पेंटरला मी तेवढी ठळक वळणं समजावू शकणार नाही. आई, दोन किलो मावेल अशा बांबूच्या टोपल्या किती घ्याव्यात, तेही सांग.

तुमची,
मनू