सूचना : वेरूळच्या फोटोंबद्दल

सर्व सदस्यांना नमस्कार. कैलास लेण्याचे फोटो ग्रुपवर आले आहेत, पण त्यातले बरेच प्रिंटला चालणार नाहीत. कॅमेऱ्यात दोष नाही. नेहमीसारखा फोटो पाठवला की व्हॉट्सॲप डेटा वाचवण्यासाठी तो लहान करून दाबतं. ४०००×३००० पिक्सेलचा फोटो साधारण १६००×१२०० होऊन पोचतो. बारा इंच रुंद प्रिंटमध्ये मूळ फोटोचे इंचाला ३३३ पिक्सेल पडतात, लहान झालेल्याचे फक्त १३३. मोबाइलवर तो छानच दिसतो, कागदावर मात्र दगडावरच्या छिन्नीच्या खुणा पुसल्यासारख्या होतात.

म्हणून कृपया फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. चॅटमध्ये पिनेचं चिन्ह दाबा, Document निवडा आणि फोनमधल्या DCIM/Camera फोल्डरमधून फोटो घ्या. आयफोनवाल्यांनी आधी Save to Files करून मग तोच पाठवावा. HD चा पर्याय बरा आहे, पण त्यातही फोटो दाबला जातोच. प्रिंटसाठी तो नको.

एक चूक वारंवार होते : ग्रुपवर आलेलाच फोटो डाउनलोड करून डॉक्युमेंट म्हणून परत पाठवतात. गेलेले पिक्सेल त्याने परत येत नाहीत. फाइलच्या नावात WA0007 असं काही दिसलं, तर तो फोटो आधीच व्हॉट्सॲपमधून गेलेला आहे. ज्यांनी काढला त्यांच्याकडूनच मूळ प्रत मागा.

डॉक्युमेंटसोबत फोटो काढल्याचं ठिकाणही जाऊ शकतं. वेरूळला हरकत नाही, घरच्या फोटोंना जपा.