पीएफ काढताना पेन्शनकडे कोण बघतं?

संपादक महोदय,

नोकरी बदलली की पीएफ काढायचा की ट्रान्सफर करायचा, यावर आमच्याकडे जो तो टॅक्सचंच बोलतो, पेन्शनचा विषय कोणी काढतच नाही, म्हणून हे लिहितोय.

माझा भाचा २०१६ मध्ये चाकणला एका कंपनीत लागला, बेसिक १५,०००. महिन्याला त्याचे १८०० कापायचे, कंपनीही १८०० भरायची, पण कंपनीच्या त्या १८०० मधले १२५० पेन्शन खात्यात जातात आणि पीएफला फक्त ५५० येतात, हे त्याला माहीतच नव्हतं. ३ वर्षं ४ महिन्यांनी नोकरी सोडली, दोन-तीन महिने घरी होता, कोणीतरी सांगितलं म्हणून पीएफ काढायचा फॉर्म १९ आणि पेन्शनचे पैसे काढायचा १०सी, दोन्ही भरून मोकळा झाला. पीएफचे व्याजासकट लाखभर निघाले, पण पाच वर्षं झाली नव्हती आणि रक्कम ५०,००० च्या वर, म्हणून १० टक्के टीडीएस कापला गेला. ट्रान्सफर केलं असतं तर टीडीएसचा प्रश्नच नव्हता, आणि जुनी वर्षं पुढच्या नोकरीला जोडून पाच मोजली गेली असती.

टीडीएसचं एक वेळ जाऊ द्या, तो रिटर्न भरताना हिशोबात धरता येतो. खरा घोळ १०सीचा. तो भरून पेन्शनचे पैसे काढले की मेंबरशिपच संपते. पुढच्या कंपनीत त्याचं बेसिक २२,००० होतं, आणि १ सप्टेंबर २०१४ नंतर १५,००० च्या वर बेसिकवर नव्याने येणाऱ्याला पेन्शन योजनेत घेतच नाहीत! जुनी मेंबरशिप ठेवली असती तर ती चालू राहिली असती. आता कंपनीचे सगळे पैसे पीएफमध्येच जातात, म्हणजे बुडाले असं नाही, पण दहा वर्षं भरल्यावर ५८ नंतर मिळणारं पेन्शन आणि उद्या काही बरंवाईट झालं तर बायकोला मिळणारं, दोन्हीवर पाणी. दहा वर्षांचं पेन्शन १५,००० गुणिले १० भागिले ७०, म्हणजे साधारण २१४३ रुपये महिना, फार नाही हे कबूल, पण मरेपर्यंतचं आहे.

आणि खरंच नड असेल, पीएफ काढावाच लागला, तरी १०सी भरताना पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागता येतं. त्यात सर्व्हिस शाबूत राहते, पुढच्या कंपनीत ते द्यायचं.

आता भाचेसुनेने नोकरी बदलली. तिच्याकडून ट्रान्सफरच करून घेतलं, आधी जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख टाकलीय ना ते बघितलं, कारण त्याशिवाय क्लेम अडकतो. महिन्याभराने तिचा घाबरून फोन, मामा, नवीन पासबुकात पीएफ आलाय पण पेन्शनच्या रकान्यात शून्य दाखवतंय! म्हटलं अगं, पेन्शनचे पैसे सरकत नाहीत, वर्षं सरकतात. सर्व्हिस हिस्टरी उघड. उघडली तर दोन्ही कंपन्या तारखांसकट तिथे होत्या.

– एक निवृत्त अकाउंटंट, पुणे