वहीतला कोरा रकाना

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. दिवाळीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, याची मला मनापासून खंत आहे. गुडघा आता बरा आहे.

मोशीच्या कृषी प्रदर्शनाआधी आमच्या स्टॉलवर ठेवायच्या सोडतीच्या डब्यावरून आपण भांडलो होतो. बक्षिसाच्या बादलीच्या आशेने चिठ्ठी टाकणारा माणूस कडबाकुट्टी घेत नाही, असे तू म्हणालास आणि मी रागाने फोन ठेवला. तुझेच खरे ठरले. पाच दिवसांत 430 नावे जमली, त्यांतली 310 डब्यातली होती. परत आल्यावर आम्ही ती सगळी एकत्र करून पहिल्या क्रमांकापासून ओळीने फोन लावत गेलो आणि अकराव्या दिवशी एका बाईंपर्यंत पोहोचलो. त्या म्हणाल्या, "आठ दिवस वाट पाहिली, मग दुसरीकडून घेतली."

मला त्या लख्ख आठवल्या. घरी तीन म्हशी, वीज सिंगल फेज. पात्यांना घरी धार लावता येते का आणि गावापर्यंत भाडे किती, एवढेच त्यांनी विचारले होते. महाडीबीटीवरची सरकारी अनुदानाची पूर्वसंमती आल्याचेही त्या बोलल्या होत्या, म्हणजे ठरावीक मुदतीत त्यांना यंत्र घेणे भागच होते. त्यांच्याकडे कार्ड नव्हते आणि त्यांनी किंमत विचारली नाही, म्हणून आमच्या मुलाने "नुसती चौकशी" असे लिहून पुढचा रकाना कोरा सोडला. त्याच वेळी मी एका कोटवाल्या गृहस्थांना वीस मिनिटे यंत्र उघडून दाखवत होतो. त्यांना स्वतःचा कारखाना काढायचा होता, हे नंतर कळले.

किंमत तर सगळेच विचारतात. यंत्र आपल्या गोठ्यात कसे चालेल, हे ज्याच्या डोळ्यांसमोर असते तोच पाती, वीज आणि भाडे यांविषयी विचारतो. म्हणून आता वहीत चारच रकाने ठेवणार आहे: जनावरे किती, वीज कोणती, पूर्वसंमती आली का, आणि घरात वैरण कोण कापते. शेवटचा प्रश्न तुला विचित्र वाटेल, पण पुष्कळदा स्टॉलवर पुरुष येतो आणि यंत्राचा निर्णय वैरण कापणारी बाई घेते; तेव्हा फोन तिच्याशी व्हायला हवा. माणूस वळताच वहीत खूण करायची, कारण संध्याकाळी चेहरे एकमेकांत मिसळतात. पूर्वसंमती आलेल्यांना त्याच रात्री यादीत वर काढून दोन दिवसांत फोन करायचा.

अर्ज केलेल्या पण मंजुरी न आलेल्या लोकांचे काय करावे, हे मात्र ठरत नाही. त्यांना गाळणे चुकीचे आहे, कारण मंजुरी कधीही येऊ शकते. आणि दर महिन्याला सगळ्यांना फोन करण्याइतकी माणसे माझ्याकडे नाहीत. तू बियाण्यांच्या धंद्यात हे कसे निभावलेस, ते सविस्तर लिही. सोबत आखलेले पान पाठवतो आहे, त्यावर लाल पेनाने खुशाल दुरुस्त्या कर.

वहिनींची बदली झाली का? धाकटीच्या परीक्षेचेही कळव.

तुझाच,
कडबाकुट्टीवाला