भूक जिभेची नाही, गोळीची

मा. संपादक,

कालच्या आरोग्य पुरवणीतला स्टेरॉइडवरचा लेख वाचला. 'रुग्णांनी जिभेवर ताबा ठेवावा' हे वाक्य वाचून डोकंच फिरलं. लेखकमहाशयांनी स्वतः ही गोळी कधी घेतली नसावी, देव करो आणि घ्यायला लागू नये.

माझ्या ताईला त्वचेच्या आजारासाठी प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी ४० मिलिग्रॅम चालू होती. जेवून हात धुतले की पुन्हा भूक, रात्री तीनला उठून डबे उघडायची आणि मग स्वतःचीच लाज वाटून रडायची. यात जिभेचा काय दोष? स्टेरॉइड मेंदूत भुकेचं केंद्र असतं तिथे भूक लावणारी रसायनं वाढवतं, आणि पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन रक्तात असूनही मेंदू ती खबर मनावर घेत नाही. डोस कमी होत गेला तशी भूक आपोआप उतरली, तेव्हा काय जिभेला अचानक अक्कल आली का?

पोटातल्या जळजळीचं कारण वेगळंय, ते लेखात एका ओळीत उरकलंय. जठराच्या आतल्या बाजूला चिकट थर असतो, तो टिकवायला प्रोस्टाग्लँडिन लागतं. स्टेरॉइड ते कमी करतं आणि झालेली जखमही लवकर भरू देत नाही. तरी नुसत्या स्टेरॉइडने अल्सर व्हायचा धोका तसा कमी, खरी गडबड होते सोबत डायक्लोफिनॅकसारखी पेनकिलर घेतली की, कारण तीसुद्धा तेच प्रोस्टाग्लँडिन अडवते. ताईची दाढ दुखली, दुसऱ्या डॉक्टरांनी डायक्लोफिनॅक लिहून दिली, आधीपासून काय चालू आहे हे विचारायला साहेबांना सवड नव्हती. पोटात जरा जळजळ व्हायची, खाल्लं की बरं वाटायचं, म्हणून आम्ही सगळे समजलो ही तीच भूक. मग शौचाला डांबरासारखं काळं व्हायला लागलं, जिना चढताना धाप. एंडोस्कोपीत अल्सर निघाला, रक्त जात होतं. आणि पोट फारसं दुखलंच नाही, कारण स्टेरॉइड सूज दाबतं तसं दुखणंही झाकतं. काळी शौच दिसली की थेट हॉस्पिटल, हे छापायला किती जागा लागली असती हो?

नंतर तिला अ‍ॅसिड कमी करणारी गोळी सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी आणि स्टेरॉइड नाश्त्यानंतर असं लावून दिलं, पेनकिलर बंद. स्टेरॉइड मात्र डॉक्टरांनी टप्प्याटप्प्यानेच उतरवलं. ते बरेच आठवडे घेतलं की शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, बनवणं मंदावतं, आणि मग एकदम बंद केलं तर जिवावर बेततं. तुमचा लेख वाचून वजनाच्या भीतीने कोणी गोळी फेकून दिली तर?

एवढं सगळं लिहायला जागा नव्हती म्हणावं तर लेखाच्या खालीच अर्धं पान अ‍ॅसिडिटीच्या चूर्णाची जाहिरात. तीही लेखाच्याच अक्षरात छापलेली, माझ्या सासऱ्यांनी ती लेखाचाच भाग समजून वाचली आणि मला चूर्ण आणायला सांगितलं.

आपली,
एक जुनी वाचक