दुसरी ट्यूब मागण्याआधी साखर तपासा

मा. संपादक,
स. न.

जागतिक मधुमेह दिनाची आपली पुरवणी वाचली. डोळे, मूत्रपिंडे, पाय या सगळ्यांवर सविस्तर लिहिले आहे. पण माझ्या औषधाच्या दुकानात मधुमेहाचा जो त्रास रोज दबक्या आवाजात सांगितला जातो, त्याबद्दल पुरवणीत एक ओळही नव्हती. तो त्रास म्हणजे जननेंद्रियाला पुन्हा पुन्हा होणारी बुरशी.

गेल्या वर्षीची गोष्ट. पंचेचाळिशीचे एक रिक्षाचालक चार महिन्यांत तिसऱ्यांदा 'खाजेची ट्यूब' मागायला आले. दुकानात दुसरे गिऱ्हाईक असेपर्यंत ते बाहेरच उभे राहिले. विचारल्यावर म्हणाले, पुढच्या कातडीला बारीक चिरा पडतात, लघवी झाली की झोंबते, आता तर कातडी मागेही सरत नाही. आधीच्या दोन्ही वेळी त्यांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून स्टेरॉइड मिसळलेले मलम लावले होते. त्याने खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून लोकांना ते गुणकारी वाटते. बुरशी मात्र आत तशीच वाढत राहते आणि कातडी पातळ होत जाते. मी त्यांच्या बोटाला सुई टोचून साखर पाहिली, ती 312 निघाली. आपल्याला मधुमेह आहे हे त्यांना तोवर माहीतच नव्हते.

या दोन गोष्टींचा संबंध सरळ आहे. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती सगळी परत शोषून घेता येत नाही आणि ती लघवीत उतरते. लघवीचे थेंब कातडीच्या घडीत राहतात. तिथे ऊब असते, ओल असते, त्यात साखर मिळाली की कॅन्डिडा ही बुरशी फोफावते. ती थोड्या प्रमाणात निरोगी माणसाच्या अंगावरही असतेच. शिवाय साखर चढलेली असताना बुरशीला आवर घालणाऱ्या पांढऱ्या पेशीही मंदावतात. बायकांमध्ये याच कारणाने योनीमार्गात खाज, आग आणि दह्याच्या चोथ्यासारखे पांढरे जाणे सुरू होते. म्हणूनच नुसत्या ट्यूबने भागत नाही. बुरशी मरते, पण तिचे खाद्य तसेच राहते.

त्या गृहस्थांना डॉक्टरांनी मधुमेहाची औषधे सुरू केली आणि साधे क्लोट्रिमॅझोल हे बुरशीचे मलम दिवसातून दोनदा, पूर्ण दोन आठवडे लावायला सांगितले. त्यांच्या पत्नीलाही त्रास होता, तिलाही तपासून औषध दिले. घरात एकमेकांवर संशय घेणे सुरू झाले होते, ते थांबले. साखर आटोक्यात आल्यापासून त्यांनी ट्यूब मागितलेली नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. साखर उत्तम असूनही हा त्रास होऊ शकतो. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या साखर मुद्दाम लघवीवाटे बाहेर टाकतात, दिवसाला पन्नास ग्रॅमहूनही जास्त. डॅपाग्लिफ्लोझिनचे पेटंट संपल्यापासून ती स्वस्त झाली आणि आता गावोगावी लिहून दिली जाते. गोळी चांगलीच आहे, हृदयाला आणि मूत्रपिंडांनाही तिचा उपयोग होतो. पण ती सुरू झाल्यावर काही आठवड्यांत खाज सुटली, तर रुग्णाला दोन्हींचा संबंध लागत नाही. आमच्याकडे येणाऱ्या एका शिक्षिका सहा महिने स्वतःच्या स्वच्छतेलाच दोष देत होत्या. अशा वेळी गोळी परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे.

लाजेपायी डेटॉलच्या पाण्याने किंवा सुवासिक साबणाने पुन्हा पुन्हा धुणारे पुष्कळ आहेत. त्याने आग आणखी वाढते. लघवीनंतर साध्या पाण्याने धुऊन सुती कापडाने टिपून कोरडे करावे. पुरुषांनी कातडी सहज सरते तेवढीच मागे घेऊन धुवावे आणि पुन्हा पुढे आणावी. घामाचे, ओले अंतर्वस्त्र बदलावे. योनीच्या आत मात्र काहीही घालून धुऊ नये.

बुरशीवरची फ्लुकोनॅझोलची गोळी मनाने घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी चालू असेल, तर तिच्यासोबत साखर एकदम खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. आणि गुप्तांगाच्या आसपास सूज, असह्य दुखणे व ताप आला, तर दुकानात न येता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

डॉक्टरांकडेही एक मागणे आहे. साखरेचा रिपोर्ट पाहताना 'खाली खाज, चिरा, पांढरे जाणे आहे का?' एवढे आपणहून विचारा. रुग्ण स्वतः सांगत नाही. तो रात्री दुकान बंद होता होता येतो आणि ट्यूबचे नाव कागदावर लिहून पुढे सरकवतो.

आपला,
एक औषध विक्रेता, जि. सातारा